झाकण उघडलं की हात फोनकडे जावा: हळद-बेदाण्याचा डबा कसा भरायचा

सांगलीतून घरबसल्या हळद आणि बेदाणे पार्सलनं पाठवायला लागून मला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी डब्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि त्या आठवड्यात सहा नव्या ऑर्डरी आल्या. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. लगेच कुपवाड एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात जाऊन पाचशे रंगीत, चकचकीत डबे छापून आणले. पुढच्या तीन महिन्यांत त्या डब्यांचे फोटो आले दोन. त्यातला एक तक्रारीचा होता.

त्या पाचशे डब्यांनी जे शिकवलं ते खाली क्रमानं लिहिते. उदाहरण माझ्याच डब्याचं आहे: पाव किलो हळद पूड, पाव किलो बेदाणे आणि सोबत एक छोटी गंमत. तुम्ही भडंग, काकवी किंवा कंदी पेढे पाठवत असाल तर मालाप्रमाणे बदल करा.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तीन पदरी क्राफ्ट पुठ्ठ्याचे कोरे डबे, पुढची कड आत खोचायची असते ते (९ × ६ × ३ इंच)
- प्लास्टिकच्या कुरिअर पिशव्या, एकदा चिकटवल्या की फाडूनच उघडाव्या लागतात अशा
- हळदीसाठी आतून चांदीचा थर असलेले पाउच, बेदाण्यासाठी खिडकीचे पाउच
- पाउच सील करायचं मशीन आणि रुंद तोंडाचं नरसाळं
- नावाचा रबरी शिक्का आणि काळी किंवा गडद हिरवी शाई
- बटर पेपर, सुती दोरा, पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड
- कागदपत्रं: एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना. त्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, पॅकिंगची तारीख, मुदत आणि तुमचा पत्ता हे सगळं लेबलवर लागतं. ही सगळी भरताड पाउचच्या मागच्या बाजूला घ्या, म्हणजे समोरची बाजू फोटोला मोकळी राहते.

१. फोटो कोण काढणार, ते आधी बघा

माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक, पुण्या-मुंबईच्या मुली. त्या इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकतात आणि आपल्याला टॅग करतात, त्यामुळे आपल्याला कळतं. दुसऱ्या, पन्नाशीच्या पुढच्या काकू-मावश्या. त्या टॅग वगैरे करत नाहीत. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवतात नाहीतर माहेरच्या ग्रुपवर टाकतात. ते आपल्याला दिसतही नाही, पण ऑर्डरी तिकडूनच जास्त येतात.

दोघी फोटो मात्र सारखाच काढतात. डबा ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवतात, झाकण उघडतात आणि एका हातात फोन उभा धरून वरून टिपतात. वर ट्यूबलाइट असते. माल बाहेर काढून, मांडून, सजवून फोटो घेण्याइतका वेळ कुणाला नसतो. पाउच एकदा बाहेर आले की ते थेट स्वयंपाकघरातल्या डब्यांत ओतले जातात आणि फोटोची वेळ गेली. म्हणजे आपल्या हातात एकच दृश्य आहे: झाकण उघडल्यावर वरून दिसतं ते. पुढचं सगळं त्या एका दृश्यासाठी करायचं.

२. गळती आणि डाग आधी बंद करा

माझा तक्रारीचा फोटो याच कारणानं आला होता. हळदीचा पाउच कोपऱ्यातून सुटला होता. आतलं सगळं पिवळं, बेदाण्यालाही हळदीचा वास. बाईंनी साडीवर पडलेल्या डागाचाही फोटो पाठवला.

चूक माझ्या सीलची होती. पाउच भरताना पूड तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटते, आणि तिथं सील मारलं तर प्लास्टिक प्लास्टिकला नीट मिळत नाही. वरून सील पक्कं दिसतं, पण मधे पुडीची बारीक रेघ राहते आणि प्रवासात दाब आला की तिथूनच सुटतं. म्हणून नरसाळं पाउचच्या तळापर्यंत घालून भरा, तोंड आतून कोरड्या फडक्यानं पुसा आणि मगच सील करा.

तपासायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक नव्या लॉटचा एक पाउच बादलीभर पाण्यात बुडवून हातानं दाबा. बुडबुडे आले तर सील कच्चं. मग भरलेला, चिकटवलेला एक डबा कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका: एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट. नंतर रात्रभर उलटा ठेवा. सकाळी उघडल्यावर आतल्या पांढऱ्या बटर पेपरवर पिवळा ठिपका दिसला तर तो डबा पाठवायच्या लायकीचा नाही. पांढरा कागद मी मुद्दाम त्यासाठीच वापरते. तो लगेच चुगली करतो.

पावसाळ्यात आणखी एक. क्राफ्टचा डबा नुसता पाठवला तर ओल धरतो आणि कोपरे मऊ पडतात. बाहेरची कुरिअर पिशवी त्यासाठी हवीच. तिचा दुसरा फायदा चौथ्या टप्प्यात सांगते.

३. डबा लहान घ्या

पहिल्या वेळी मी १२ × ९ × ४ इंचांचा डबा घेतला होता, भेटवस्तू कशी भरगच्च दिसावी म्हणून. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं, की आकारमानाचं वजन किलोत येतं. भाजक काही ठिकाणी वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या.

माझा मोठा डबा होता ३० × २३ × १० सेंटिमीटर, म्हणजे १.३८ किलो. आत माल अर्धा किलो! पैसे दीड किलोचे. आताचा डबा २३ × १५ × ८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ५५० ग्रॅम. पुठ्ठा, पाउच धरून खरं वजन ६६० ग्रॅमच्या आसपास जातं, तेव्हा एक किलोच्या टप्प्यात बसतो. मोठ्या डब्यात मी दर पार्सलला अर्धा किलो हवा पाठवत होते.

फोटोच्या दृष्टीनंही लहान डबाच बरा. खोल डब्यात माल तळाशी बसतो, पुठ्ठ्याच्या भिंतींची सावली त्याच्यावर पडते आणि ट्यूबलाइटखाली सगळं काळपट येतं. माल काठापासून बोटभर खाली यावा इतपत, खाली चुरगळलेला कागद भरा. कागदाच्या बारीक रंगीत पट्ट्या भरू नका. दिसायला छान, पण त्या ओटाभर सांडतात, आणि पसारा झालेल्या ओट्याचा फोटो कुणी काढत नाही.

आणि चकचकीत लॅमिनेशन नको. माझ्या पाचशे डब्यांवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर नावावर यायचा. छापायचंच असेल तर मॅट घ्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला छापूच नका. "ताई, पाचशेच्या खाली मशीन लावत नाही आम्ही," असं मला सांगितलं होतं आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहे. पण चूक झाली तर पाचशे डब्यांवर होते. कोऱ्या क्राफ्टवर शिक्का मारला की काम भागतं. शाई काळी किंवा गडद हिरवी घ्या, कारण हळदी रंगाची शाई तपकिरी पुठ्ठ्यावर दिसतच नाही. अक्षरं निदान एक सेंटिमीटर उंच हवीत. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो तेव्हा त्याहून बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. शिक्का मारल्यावर डबे लगेच एकावर एक रचू नका, शाई दुसऱ्या डब्याला लागते.

४. पत्ता बाहेर, नाव आत

एका गिऱ्हाईक ताईंना मी सरळच विचारलं होतं, डबा आवडला म्हणता, मग फोटो का नाही टाकला? त्या म्हणाल्या, "टाकणार होते हो, पण झाकणावर माझा पत्ता आणि फोन नंबर. कोण ते झाकत बसणार?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. कुरिअरचं लेबल मी डब्याच्या वरच चिकटवत होते. तेव्हापासून लेबल फक्त बाहेरच्या पिशवीवर. पिशवी फाडली की पत्ता कचऱ्यात गेला आणि हातात कोरा, स्वच्छ डबा आला. बिलही वर ठेवू नका, तळाच्या कागदाखाली ठेवा. भेट म्हणून मागवलेल्या डब्यात किंमत वर दिसली तर फोटो हमखास जातो.

आता झाकणाच्या आतल्या मजकुराचं. इथं माझे पाचशे डबे दुसऱ्यांदा फसले. डबा बंद असताना वरच्या नावाचं डोकं मागच्या घडीकडे असतं. झाकण उघडून उभं राहिलं की मोकळी कड वर जाते, म्हणून आतल्या मजकुराचं डोकं मोकळ्या कडेकडे हवं. म्हणजे बाहेरचं आणि आतलं छापकाम एकमेकांच्या उलट दिशेला येतं. मी दोन्ही एकाच दिशेनं दिलं होतं. पाचशे डब्यांत "सांगलीहून प्रेमानं" उलटं टांगलेलं. छपाईला देण्याआधी कोऱ्या डब्यावर पेनानं लिहा, झाकण उघडा, उभं राहून वरून फोटो काढा, मग पुढं जा.

५. उघडल्यावर करण्यासारखं काहीतरी द्या

सगळ्यात जास्त फरक इथं पडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मी हळदीसाठीही खिडकीचा पाउच घेतला होता, पिवळाधमक रंग फोटोत यावा म्हणून. पण उजेडात हळदीचा रंग उडतो. दोन महिने फळीवर राहिलेल्या पाउचमध्ये खिडकीसमोरची हळद फिकी आणि आतली गडद, असा प्रकार झाला. म्हणजे फोटोला खिडकी हवी आणि हळदीला अंधार. मग बेदाण्याला खिडकी ठेवली, हळद बंद पाउचमध्ये घातली आणि रंग दाखवायचं काम हळकुंडाकडे दिलं.

तीन बारीक हळकुंडं, पेन्सिलीएवढ्या जाडीची, छोट्या पारदर्शक पुडीत सील करून, सुती दोऱ्यानं कार्डाला बांधलेली. डबा उघडल्यावर सगळ्यात वर तीच दिसतात. कार्डावर इतकंच लिहिलेलं असतं:

"यातलं एक हळकुंड मोडून बघा. आवाज ऐका, मग आतला रंग बघा."

नीट शिजवून वाळवलेलं हळकुंड मोडताना कट्कन धातूसारखा आवाज येतो. बाहेरून ते मातकट पिवळं असतं, पण मोडल्यावर आतून गर्द नारिंगी निघतं. हळदीच्या बाजारात व्यापारीही असंच मोडून माल बघतात. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण बाटलीतली पूडच पाहिलेल्या माणसाला ते नवं असतं, आणि ज्यांनी लहानपणी घरी हळद कुटलेली पाहिली आहे त्यांना आठवणी येतात. पहिल्या खेपेला जे व्हिडिओ आले त्यातल्या बहुतेकांत पोरं हळकुंड मोडत होती आणि मागून आजीचा आवाज होता. "टॅग करा" असं मी कार्डावर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जाड हळकुंड हातानं मोडत नाही, म्हणून बारीकच निवडा आणि प्रत्येक लॉटमधलं एक स्वतः मोडून बघा. ते उघडं ठेवलं तर पावसाळ्यात ओल धरतं, मग कट्कन मोडत नाही, नुसतं वाकून चिवटपणे तुटतं. अशा वेळी पुडी हवाबंद हवी. आणि मोडल्यावर बोटं पिवळी होतात, ते कार्डावर मागं लिहा. माझ्या पहिल्या कार्डावर ते नव्हतं आणि एका नव्या नवरीनं मेहंदीवर डाग पडल्याचं कळवलं.

तुमचा माल वेगळा असेल तर त्याच्यातलं मोडण्यासारखं, ओतण्यासारखं, आवाज येणारं काय आहे ते शोधा. काकवीची धार आहे, भडंगात वरून मिसळायला लसणीची वेगळी पुडी देता येते. चॉकलेट किंवा अत्तर लावलेला कागद घालू नका. खाण्याच्या डब्यात परका वास नकोच, बेदाणे तो लगेच ओढून घेतात.

कार्डाच्या मागं मी हरिपूरच्या पेवांबद्दल चार ओळी लिहिते: जमिनीखालच्या खोल पेवांत तिथं हळद साठवत असत, आणि २००५ च्या पुरानं त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. फोटोखाली काय लिहावं हा पुष्कळांना प्रश्न असतो. या ओळी तशाच उचलल्या जातात.

इथं एक सावधगिरी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण तेवढ्यावरून कुणीही डब्यावर त्या मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, लोगो छापायचा नसतो. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर माल कुठल्या गावचा ते साध्या शब्दांत लिहा.

६. लोक तुमच्यापर्यंत कसे पोचतील

इन्स्टाग्रामचं नाव लहान ठेवा आणि त्यात अंडरस्कोअर, टिंबं नकोत. माझ्या नावात दोन अंडरस्कोअर होते. फोटो टाकणाऱ्या बाई भलत्याच कुणालातरी टॅग करायच्या.

काकू-मावश्यांसाठी कार्डावर व्हॉट्सॲपचा क्यूआर द्या. लिंक अशी करायची, एक्सच्या जागी तुमचा नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=HALKUND
```

क्यूआर स्कॅन केला की तुमच्या नावचा चॅट उघडतो आणि `HALKUND` हा शब्द आधीच टाइप झालेला असतो. तो आला की ही चौकशी कार्डावरून आली हे कळतं. दिवाळीच्या डब्यांना वेगळा शब्द ठेवला की तेही वेगळं मोजता येतं. क्यूआर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका. त्याच्याभोवती कोरी जागा सोडा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर तपासून बघा. शेजारी "चौकशीसाठी" असं ठळक लिहा, नाहीतर लोक तो पैसे भरायचा क्यूआर समजून बाजूला ठेवतात.

७. सवलत, परवानगी आणि फुकटचे डबे

"फोटो टाका, पन्नास रुपये सूट मिळवा" असं मी एकदा करून पाहिलं. फोटो आले, पण सगळे घाईचे, अंधारातले, आणि सूट संपली तसे तेही थांबले. शिवाय ॲमेझॉनवर विकत असाल तर रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं नियमाविरुद्ध आहे. गुगलवरच्या रिव्ह्यूंनाही तोच नियम. डब्यात "पाच स्टार द्या, भेट मिळवा" अशी चिठ्ठी टाकू नका, खातं अडचणीत येतं.

एखाद्या फूड ब्लॉगरला फुकट डबा पाठवलात तर तिनं पोस्टमध्ये तसं स्पष्ट लिहायला हवं. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियानं, २०२१ मध्ये घालून दिलेली तत्त्वं फुकट मिळालेल्या वस्तूंनाही लागू आहेत.

गिऱ्हाइकानं स्टोरीत तुम्हाला मेन्शन केलं तर मेसेजमध्ये `Add to your story` दिसतं. ते २४ तासांच्या आतच वापरता येतं, म्हणून रोज संध्याकाळी एकदा मेसेज बघायचेच. तो फोटो पुढं कायमच्या पोस्टमध्ये किंवा जाहिरातीत घ्यायचा असेल तर आधी विचारा. मी एवढंच लिहिते: "ताई, फोटो फार आवडला. आमच्या पानावर तुमच्या नावासकट टाकू का, की नाव नको?" फोटोत लहान मूल असेल तर मी तो स्वतःहून घेतच नाही. हळकुंडाचे बरेचसे व्हिडिओ त्यामुळे माझ्या पानावर नाहीत, त्याला इलाज नाही.

८. खर्च आणि वही

मला एका डब्याला पडणारा खर्च असा: डबा २२ रुपये, बटर पेपर २, कार्ड ३, हळकुंडं पुडीसकट ४, दोरा १. मिळून ३२. शिक्का एकदाच केला, ३०० रुपये. छापील डब्याला नुसत्या डब्याचेच ३८ पडले होते, आणि पाचशेचे १९,००० एकदम गुंतले होते.

व्हॉट्सॲप स्टेटसचा हिशेब कुठलंच ॲप देत नाही. म्हणून नवी ऑर्डर आली की मी एकच प्रश्न विचारते: "आमचा नंबर कुणाकडून मिळाला?" उत्तर वहीत, ऑर्डरीच्या शेजारी. रकाने तीनच: कुणाकडून, कुठं पाहिलं, काय पाहिलं. पहिले पंचवीस-तीस डबे गेल्यावर ही वही उघडा आणि तिसरा रकाना वाचा. माझ्या वहीत "डबा छान होता" असं क्वचितच आहे. "ते मोडतात ते हळकुंड" असं पानोपानी आहे. त्यामुळे यंदा डब्याला हात लावला नाही, हळकुंडं तेवढी तीनाची चार केली.